बहिणीच्या लग्नाची तारीख बदलायची आहे: कार्यालय, केटरर आणि बँडच्या पावत्यांवर काय लिहिलंय, काय नाही

गोदाकाठ | 14 मार्च, रात्री 9:40

बहिणीचं लग्न 3 मे, रविवारी नाशिकला ठरलं आहे. 10 तारखेला वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. 20 मार्चला बायपास आहे. डॉक्टर म्हणाले, छातीचं हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर गर्दी, दगदग, तासन्‌तास उभं राहणं काही नको. कन्यादान बाबांनीच करायचं ही बहिणीची इच्छा आहे, आमचीही. व्याह्यांनी एका शब्दात होकार दिला.

आता पंचांग. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. जुलैच्या मध्यात गुरूचा अस्त आणि 25 जुलैला आषाढी, म्हणजे चातुर्मास. नवरदेव मस्कतला नोकरीला आहेत, त्यांना जूनअखेरपर्यंतच रजा मिळते. त्यामुळे तुळशीच्या लग्नापर्यंत थांबता येत नाही. गुरुजींनी 24 जून (बुधवार) आणि 27 जून (शनिवार) या तारखा काढून दिल्या आहेत.

तीन ठिकाणी पैसे अडकले आहेत. पावत्यांवर जे आहे ते तसंच उतरवतो.

कार्यालय आणि लॉन: भाडं 1,80,000 अधिक जीएसटी, आगाऊ 90,000 दिले. पावतीच्या मागे छापलंय: "60 दिवसांआधी रद्द केल्यास भाड्याच्या 25 टक्के कपात, 60 ते 30 दिवस 50 टक्के, 30 दिवसांच्या आत रक्कम परत मिळणार नाही." आणि खाली बारीक अक्षरात: "तारीख बदल एकदाच, कार्याच्या 45 दिवस आधी लेखी कळवल्यास, उपलब्धतेनुसार, नवीन तारखेच्या दराने. आकार 10 टक्के."

केटरर: 600 ताटं, 420 रुपये दर, 40,000 आगाऊ. करार असा नाही, व्हॉट्सॲपवर मेनू आणि दर, आणि एक हाताने लिहिलेली चिठ्ठी. तीत "आगाऊ परत नाही" आणि "किमान 85 टक्के ताटांचे पैसे द्यावे लागतील" एवढंच.

बँड: 30 माणसं, घोडा, लायटिंग मिळून 55,000. इसार 15,000. पावतीवर "इसार परत मिळणार नाही".

कुठून सुरुवात करू? आमच्या भावजींनी काल कार्यालयात फोन करून "3 मेचं कॅन्सल करावं लागेल बहुतेक" असं सांगूनही टाकलं आहे.

मोगरा | 14 मार्च, रात्री 10:15

बाबांना लवकर आराम पडो. मी म्हणेन तारीख मोडू नका. 3 मेला घरच्या घरी चार माणसांत लग्न लावा किंवा रजिस्टर करा, आणि रिसेप्शन दिवाळीनंतर ठेवा. कशाला एवढा व्याप?

गोदाकाठ | 14 मार्च, रात्री 10:32

मोगराताई, तो विचार आम्हीही केला. पण 3 मेला बाबा ऑपरेशननंतरच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात असतील, आणि बहिणीला ते मांडवात हवे आहेत. तारीख बदलायची हे नक्की आहे. प्रश्न फक्त या तीन पावत्यांचा आहे.

वाटाड्या_77 | 14 मार्च, रात्री 11:05

सगळे पैसे परत मागा. हे अनपेक्षित संकट आहे, कायद्यात त्याला सूट आहे. करोनात माझ्या चुलतभावाचं लग्न रद्द झालं तेव्हा कार्यालयाने पूर्ण रक्कम परत केली. हॉस्पिटलची कागदपत्रं जोडा, नोटीस पाठवा, काम होईल.

काळा_कोट | 15 मार्च, सकाळी 7:50

वाटाड्या, अर्धं बरोबर आहे, पण याच अर्ध्यावर माणसं फसतात. करोनात सरकारनेच बंदी घातली होती. 2020 च्या जूनमध्ये लग्नाला 50 माणसांची मर्यादा होती, 2021 च्या एप्रिलमध्ये 25 माणसं आणि दोन तास. म्हणजे कार्यालयाला ठरलेलं काम करून देणंच अशक्य झालं होतं. भारतीय करार कायद्याचं कलम 56 तिथे लागू होतं. इथे कार्यालय उघडं आहे, आचारी तयार आहे, बँड तयार आहे. अडचण आपल्या घरात आहे. तिला सहानुभूती मिळते, पण कलम 56 तिथे धरून ठेवता येत नाही.

तुमच्या कामाचं कलम 74 आहे. करार मोडल्यावर अमुक रक्कम कापू असं लिहिलेलं असलं, तरी ती सगळी आपोआप मिळत नाही. वाजवी भरपाई तेवढीच मिळते आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या 2015 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, आणि ते इसाराच्या रकमेलाही लावलं. नुकसानच झालं नसेल तर जप्ती कशाची, असा तो मुद्दा आहे. पण हे सगळं करार मोडल्यावरचं. तुम्हाला करार मोडायचा नाही, बदलायचा आहे. त्यासाठी दोघांची संमती हवी आणि ती लेखी हवी. नोटिशीची भाषा आज वापरू नका.

जुनं_रजिस्टर | 15 मार्च, सकाळी 9:20

मी बारा वर्षं एका कार्यालयाचं बुकिंग सांभाळलं आहे. गोदाकाठ, सगळ्यात आधी भावजींचा फोन निस्तरा. तुमच्या पावतीत दोन वेगळे दरवाजे आहेत. "रद्द" या दरवाजाने गेलात तर आजच्या घडीला तुम्ही 60 ते 30 दिवसांत बसता, म्हणजे भाड्याचे 50 टक्के. ते बरोब्बर 90,000 होतात, तुमची पूर्ण आगाऊ रक्कम. "तारीख बदल" या दरवाजाने गेलात तर 10 टक्के. रजिस्टरमध्ये 3 मेच्या पानावर मॅनेजरने पेन्सिलीने "कॅन्सल" लिहिलं असेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या.

आता मुदत मोजा. 3 मेच्या 45 दिवस आधी म्हणजे 19 मार्च. त्या दिवशी गुढीपाडवा आहे, ऑफिस बंद असेल किंवा मालक पूजेत असतील. पत्र 18 पर्यंत पोचलंच पाहिजे. पत्राच्या दोन प्रती करा, दुसरीवर "मिळाले", तारीख, सही आणि शिक्का घ्या. शिवाय त्यांच्या मेलवर पाठवा. फोनवर बोललो होतो याला नंतर कोणी विचारत नाही.

पत्रात चारच ओळी पुरे. पावती क्रमांक अमुक, कार्य 3 मे. वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे अटीनुसार तारीख बदलून 24 जून किंवा पर्यायी 27 जून मिळावी. जमा 90,000 नवीन तारखेत वर्ग करावेत. हा रद्दचा अर्ज नाही. ही शेवटची ओळ गाळू नका.

आणि तुमच्या हातात काय आहे तेही ओळखा. यंदा अधिक मासामुळे महिनाभर लग्नं नाहीत, त्यामुळे मेचा पहिला पंधरवडा दाट आहे. 3 मे, रविवार, सात आठवडे आधी सुटलेला. कार्यालयाकडे अशा तारखेसाठी नकार देऊन परत पाठवलेल्या चार-पाच लोकांचे नंबर लिहिलेले असतात. ती तारीख बहुधा आठवड्यात जाईल. हे मॅनेजरला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळलं म्हणजे बोलणं सोपं होतं.

गोदाकाठ | 15 मार्च, सकाळी 10:05

फार आभार, काका. आत्ताच निघतो. एक शंका: 10 टक्के कशाचे? भाड्याचे की भरलेल्या रकमेचे? 18,000 की 9,000?

जुनं_रजिस्टर | 15 मार्च, सकाळी 10:20

आमच्याकडे भाड्याचे घेत. पण आमच्या पावतीवर "एकूण भाड्याच्या" असं छापलं होतं. तुमच्या रद्दच्या अटीत "भाड्याच्या" शब्द आहे, तारीख बदलाच्या अटीत नाही.

काळा_कोट | 15 मार्च, दुपारी 1:10

छापील अट ज्याने लिहिली, तिचा संदिग्ध अर्थ त्याच्या विरुद्ध घ्यायचा ही जुनी रीत आहे. 9,000 वर ठाम राहा. त्यावर 18 टक्के जीएसटी लागेल, म्हणजे 10,620. शांतपणे सांगा, पावती समोर ठेवून.

त्याच ओळीतला "नवीन तारखेच्या दराने" हा शब्दप्रयोगही वाचा. लोक त्याचा अर्थ दरवाढ असाच घेतात. पावसाळ्यातला आठवड्याच्या मधला दिवस स्वस्त असेल तर तोच शब्द तुमच्या बाजूने आहे. जूनचं दरपत्रक मागून घ्या.

चिपळूणची_लेक | 15 मार्च, दुपारी 3:45

आमच्याकडे मागच्या वर्षी असंच झालं. एप्रिलचं लग्न आजीच्या निधनामुळे जूनमध्ये गेलं. तारीख मिळाली याच आनंदात आम्ही होतो, आणि मेनू मात्र एप्रिलचाच राहिला. आमरस ठरला होता. जूनच्या शेवटी चांगला हापूस कुठून आणणार? केटररने डब्यातला रस वाढला, आणि सासरच्या लोकांनी ते बरेच दिवस बोलून दाखवलं. बुफे लॉनवर होता तो ऐन वेळी आत घ्यावा लागला. आत जागा दोनशेची, बाहेर पाऊस, माणसं ताटं घेऊन जिन्यात उभी. अजून आठवलं की वाईट वाटतं.

तुमचं नाशिक म्हणजे आमच्याइतका पाऊस नाही, पण लॉन मोजूच नका.

जुनं_रजिस्टर | 15 मार्च, संध्याकाळी 6:00

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. गोदाकाठ, तुमचं भाडं "कार्यालय आणि लॉन" असं एकत्र आहे. जूनमध्ये अर्धी वस्तू वापरता येणार नाही. त्याबद्दल एक तर भाडं कमी करा म्हणावं, नाही तर वरचा हॉल किंवा पत्र्याची शेड जोडून मागावी. दुसरं बहुतेक मिळतं, कारण त्या दिवसांत ती रिकामीच असते.

केटररचं सांगतो. तो माल आणतो शेवटच्या दोन-तीन दिवसांत. दीड महिना आधी तारीख हलली तर त्याचं नुकसान फक्त त्या दिवसाच्या धंद्याचं, आणि 3 मे तोही विकू शकतो. म्हणून "आगाऊ परत नाही" याला घाबरू नका. तुम्ही परत मागतच नाही. खरी घासाघीस दरावर होईल. त्याला 420 चे 460 करायचे असतील. तुम्ही मेनू बदला, ताटं कमी करा, आणि 85 टक्क्यांची अट नव्या आकड्यावर लिहून घ्या. जुन्या 600 वर ती राहिली तर 510 ताटांचे पैसे भरावे लागतील, जेवायला 450 आले तरी.

हलगी | 15 मार्च, रात्री 9:30

बँडबद्दल मी बोलतो. आमच्या घरात तीन पिढ्या बँड आहे. लोक म्हणतात बँडवाले इसार गिळतात, म्हणून आतली बाजू सांगावीशी वाटली.

आमच्याकडे वाजवणारी पोरं पगारी नसतात. मालक दिवाळीनंतर त्यांना हंगामाची उचल देतो, घरटी वीस-तीस हजार, कुणाला जास्त. ती उचल सुपाऱ्यांच्या इसारातूनच येते. म्हणजे तुमचे 15,000 आमच्या गल्ल्यात नाहीतच, ते कुणाच्या तरी घराच्या पत्र्यावर नाही तर पोराच्या फीमध्ये गेलेत. रोख परत मागितले तर मालक भांडणार. सुपारी पुढे ढकला म्हटलं तर बसून बोलणार.

पण जूनमध्ये दुसरी अडचण आहे. 7-8 जूनला मृग लागला की आमची निम्मी माणसं पेरणीला गावी जातात. 24 जूनला 30 माणसांचा बँड देतो असं कोणी कबूल केलं तर विश्वास ठेवू नका. बाहेरून माणसं गोळा करून गणवेश चढवतील आणि वाजवणारे त्यातले बारा असतील. शिवाय पावसात ढोल-ताशाचं चामडं ओलं होऊन सैल पडतं, आवाज बसतो. घोडेवालाही निसरड्या रस्त्यावर तयार होत नाही. कमी माणसांची, कार्यालयाच्या दारातली वाजंत्री घ्या. 16 माणसं, दीड तास, छताखाली. इसार त्यात वळता करून घ्या.

काळा_कोट | 16 मार्च, सकाळी 8:15

हलगी यांचं मनापासून पटलं. तरी कायद्याची बाजू नोंदवतो. त्यांनी 3 मेची दुसरी सुपारी घेतली, तर इसार ठेवून घेण्याला आधार राहत नाही असं माझं मत.

हलगी | 16 मार्च, सकाळी 8:50

वकीलसाहेब, दाट तिथीला आम्ही सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा दोन-तीन सुपाऱ्या करतो. तुमची गेली आणि दुसरी आली, तर ती तुमच्या जागी आली की तशीही आलीच असती, हे कोण ठरवणार?

काळा_कोट | 16 मार्च, सकाळी 9:30

प्रश्न रास्त आहे. ग्राहक आयोगात गेलं तर नुकसान दाखवण्याची जबाबदारी मी बँडवर टाकेन. 15,000 साठी कोणी इतकं लांब जाऊ नये हेही खरं.

गोदाकाठ | 18 मार्च, रात्री 8:20

जमलेलं आणि न जमलेलं, दोन्ही सांगतो.

15 लाच कार्यालयात गेलो. रजिस्टरमध्ये खरंच पेन्सिलीने "कॅन्सल?" लिहिलं होतं. पत्र दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. मॅनेजर आधी म्हणाले भाड्याचे 10 टक्के. मी दोन्ही अटी शेजारी शेजारी वाचून दाखवल्या. ते आत जाऊन मालकांशी बोलून आले आणि 9,000 अधिक जीएसटीवर तयार झाले. जूनमधल्या बुधवारचा दर 1,50,000 निघाला. म्हणजे 30,000 वाचतात, त्यातून 10,620 जातात. 27 ला शनिवार असल्याने दर 1,80,000 च होता, आणि त्या दिवशी संध्याकाळ आधीच गेलेली होती.

एक चूक मात्र मी होता होता टाळली. मॅनेजर लगेच जुनी पावती परत घेऊन नवी करायला निघाले होते. तेवढ्यात लक्षात आलं की केटरर आणि बँडला 24 ची विचारणाच झालेली नाही. दोन दिवस तारीख पेन्सिलीने धरून ठेवा म्हटलं, ती त्यांनी ठेवली. ज्या दिवशी 3 मे सोडली त्या दिवशी तीनही ठिकाणचे होकार हातात होते.

केटररने अपेक्षेप्रमाणे 460 सांगितले. आमरस काढून मूगडाळीचा हलवा घेतला, एक स्टार्टर कमी केला, बुफेऐवजी पंगत. पंगतीला वाढपी जास्त लागतात म्हणून तो 435 च्या खाली आला नाही. 500 ताटं, किमान 425, पक्का आकडा 14 जूनला कळवायचा. 40,000 वर्ग. हे सगळं मी एका मेसेजमध्ये लिहून पाठवलं आणि त्याच्याकडून "मान्य" असं उत्तर घेतलं.

बँडवाल्या दादांकडे हलगी यांनी सांगितल्याप्रमाणे बोललो. उचलीचा विषय मीच काढला, तेव्हा त्यांचा आवाजच बदलला. 16 माणसं, 32,000, घोडा नाही, इसाराचे 15,000 त्यात धरले. पावतीवर तारीख खोडून नवी लिहिली, दोघांनी सह्या केल्या.

जुनं_रजिस्टर | 18 मार्च, रात्री 9:00

छान केलंत. कार्यालयाच्या नव्या पावतीवर जुन्या पावतीचा क्रमांक आणि "90,000 वर्ग" लिहिलंय ना? आणि तारीख बदल एकदाच मिळतो, तो आता संपला. बाबांच्या तब्येतीचं बघता आणखी एकदा सवलत मिळेल का, हे आजच विचारून ठेवायला हवं होतं.

गोदाकाठ | 18 मार्च, रात्री 9:25

क्रमांक आहे. दुसऱ्यांदा सवलतीचं विचारलं होतं, नाही म्हणाले. आणि लॉनचंही अडलंय. वरचा हॉल मागितला, तर "त्या आठवड्यात दुसरं बुकिंग आलं तर देता येणार नाही, नाही आलं तर वापरा" एवढंच तोंडी म्हणाले. लिहून द्यायला तयार नाहीत.

चिपळूणची_लेक | 18 मार्च, रात्री 9:50

तोंडी हॉलवर पाचशे माणसं बोलावू नका हो. खाली एका पंगतीला किती बसतात ते स्वतः मोजून या. दोनशे बसत असतील तर तीन पंगती होतील. आणि लग्न दुपारचं असेल तर शेवटची पंगत चारच्या पुढे जाईल, ते पत्रिकेत वेळ छापायच्या आधी बघा.

वाटाड्या_77 | 19 मार्च, सकाळी 8:10

पाडव्याच्या शुभेच्छा. मी पूर्ण रक्कम परत मागा म्हणालो होतो, ते तुमच्या बाबतीत चुकलंच असतं. वरच्या हॉलसाठी थोडं भाडं कबूल करून लेखी घेता येईल का? पाच-दहा हजारांत?

गोदाकाठ | 19 मार्च, दुपारी 12:30

तेच विचारणार आहे, पण आता ऑपरेशननंतर. उद्या सकाळी आठला बाबांना आत घेणार आहेत. गुढी उभारून हॉस्पिटलमध्ये आलो. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, आमरस काढला हे खरं का?